चाळीस मिलिमीटरचं भोक

ट्रॉलरच्या जाळ्याला तोंड मोठं असतं, पण मासळीचं नशीब ठरतं ते शेपटाशी. समुद्राच्या तळावरून ओढत नेलेलं हे जाळं मागे निमुळतं होत जातं आणि शेवटी एक पिशवी उरते, तिला खोला म्हणतात. आत शिरलेलं सगळं तिथे गोळा होतं. म्हणून लहान मासळी वाचवायचे कायदे जाळ्याच्या तोंडाकडे न बघता या खोल्याच्या आसाकडे, म्हणजे भोकाच्या मापाकडे बघतात. महाराष्ट्राचा नियम सांगतो, ट्रॉलच्या खोल्याचा आस किमान चाळीस मिलिमीटर हवा आणि तो चौकोनी हवा.

यातला ‘चौकोनी’ हा शब्द आकड्याहून महत्त्वाचा आहे. नेहमीचं जाळं शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसांचं असतं. खोला भरू लागला, मागून ओढ बसली की हे आस लांबट होऊन मिटतात. भोक कागदावर चाळीसचं असलं, तरी पाण्यात त्याची फट होते आणि बोटभर बांगडाही अडकतो. तेच जाळं तिरकं वळवून बसवलं की ताण दोऱ्याच्या एका दिशेनं जातो आणि आस उघडा राहतो. माप ओल्या जाळ्यावर घेतात. आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर मोजायचं. चाळीस भरलं, तर चौकोनी आसाची प्रत्येक बाजू वीसची. पळवाट मात्र सोपी आहे: नियमाच्या खोल्याला आतून बारीक आसाचं दुसरं जाळं लावायचं. बाहेरून मोजणाऱ्याला सगळं नियमात दिसतं.

आता पापलेट घ्या. २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्यमासा केलं. त्याच वर्षी चोपन्न जातींसाठी किमान लांबी ठरवली गेली, त्यात पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. समजा, खोल्यात दहा सेंटीमीटरचं पिल्लू आलं. पापलेट बांगड्यासारखं गोल नळीच्या अंगाचं नसतं. ते चपटं आणि उंच असतं, त्यामुळे या पिल्लाचीही उंची पाच-सहा सेंटीमीटर सहज भरते. वीस मिलिमीटर बाजूच्या चौकोनाचा कर्ण जेमतेम अठ्ठावीस. म्हणजे जाळं पूर्ण नियमाप्रमाणे असूनही पिल्लू बाहेर पडू शकत नाही. ते बंदरावर येतं तेव्हा मेलेलं असतं, आणि लांबीचा नियम लागू होतो तो तिथे. एका नियमाला दुसऱ्याचा पत्ताच नाही. आस वाढवून हे सुटायचं, तर सात ते साडेआठ सेंटीमीटरचं भोक लागेल, आणि मग कोळंबी सगळीच निसटेल. ट्रॉलरचा तर धंदाच कोळंबीवर.

कोळंबीच्या जाळ्यातून मोठं जनावर बाहेर काढायची युक्ती मात्र सापडली आहे, आणि ती प्रयोगशाळेत जन्मली नाही. अमेरिकेत जॉर्जियाचा सिंकी बून आणि नॉर्वेत पॉल ब्राटॉय हे दोघे मच्छीमारच. दोघांनाही त्रास होता जेलीफिशचा. जाळं तिनंच भरून जायचं. दोघांनी खोल्याच्या अलीकडे सळ्यांची तिरकी चौकट बसवली. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, मोठी वस्तू चौकटीवर घसरत जाऊन कडेच्या भोकातून बाहेर पडते. नॉर्वेच्या चौकटीत सळ्यांमध्ये एकोणीस मिलिमीटरच अंतर, त्यामुळे कॉडची बरीच पिल्लंही वाचतात. अमेरिकी चौकटीत ते सुमारे दहा सेंटीमीटर, आणि तिथे ती आता कासवांसाठी सक्तीची आहे. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात तासन्‌तास अडकलं तर ते बुडून मरतं. हे यंत्र नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेनं आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवं याच पाण्यातून येतात.

आपल्या तांडेलाची तक्रारही खोटी नाही. ज्या भोकातून कासव जातं, त्यातूनच मोठी घोळ किंवा सुरमईही जाते. अमेरिकी ट्रॉलरला कोळंबीच हवी असते. आपल्याकडे मिळेल ती मासळी विकली जाते आणि एका मोठ्या घोळीनं अख्खी फेरी भरून निघू शकते.

कोट्याचीही अडचण तीच. नॉर्वेत एकेका जातीची मोजदाद करून वर्षाची पकड वाटून देता येते. आपल्या एका ओढीत कोळंबी, ढोमा, बांगडा, पापलेट असं सगळं एकत्र येतं. त्यातल्या एका जातीचा कोटा संपला, म्हणून तेवढीच सोडून बाकीची पकडायची कशी?

नॉर्वेकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तिथे तपासणीच्या ओढीत पिल्लांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, तर तो भागच काही काळ बंद करतात आणि पुन्हा तपासून उघडतात. पापलेटच्या पिल्लाला जाळ्यातून सोडता येत नसेल, तर त्याच्यावर जाळं न नेणं एवढंच उरतं. आपल्याकडे पावसाळ्यातली बंदी सरसकट, सगळ्या किनाऱ्याला आणि ठरल्या तारखांना. ती उठल्यावर पिल्लं कुठल्या पट्ट्यात दाटलेली असतात, हे सातपाटीच्या तांडेलांना विचारून नकाशावर घालणं अवघड नाही. अवघड आहे ते तो पट्टा आठवड्याभरात बंद करू शकेल अशी व्यवस्था उभी करणं.