पाच काठ्या, सात काठ्या आणि एक संसार

नवरा-बायकोच्या कुरबुरींविषयी टॅरोचे पत्ते मांडले आणि त्यात ‘फाइव्ह ऑफ वॉन्ड्स’ आणि ‘सेव्हन ऑफ वॉन्ड्स’ दोन्ही निघाले, तर बहुतेक वाचक लगेच म्हणतात, ‘भांडणं आहेत.’ पण ते तर समोरची व्यक्ती आल्या आल्या सांगतेच. ही दोन भांडणं वेगळ्या जातीची आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. तो फरक ओळखला, तरच पत्ते मांडण्याचा उपयोग.

आज सर्वत्र दिसणारा टॅरोचा संच 1909 मध्ये लंडनला छापला गेला. ए. ई. वेट यांनी तो योजला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रेखाटला. त्याआधीच्या बहुतेक संचांत अंकांच्या पत्त्यांवर नुसत्या काठ्या किंवा पेले मांडलेले असत. स्मिथ यांनी त्या प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग काढला. म्हणून या दोन पत्त्यांचा अर्थ पाठ करण्याआधी चित्रं नीट बघावीत.

‘फाइव्ह’मध्ये पाच तरुण आहेत. प्रत्येकाच्या अंगावर वेगळा पोशाख, प्रत्येकाच्या हातात लांब काठी आणि पाचही काठ्या पाच दिशांना. गलका पुरेपूर आहे, पण कुणीही पडलेलं नाही, कुणालाही लागलेलं नाही. स्वतः वेट यांनी याला लुटुपुटूची लढाई म्हटलं आहे. सगळे साधारण एकाच पातळीवर उभे आहेत, कुणाची कुणाशी फळी जमलेली नाही आणि भांडण कशासाठी चाललंय, हे चित्रात कुठेही दिसत नाही.

‘सेव्हन’मध्ये एकटा माणूस उंचवट्याच्या कडेवर उभा आहे. दोन्ही हातांनी काठी आडवी धरून तो खालून वर येणाऱ्या सहा काठ्या अडवतो आहे. त्याच्या एका पायात बूट आहे, दुसऱ्या पायात निराळंच पायताण; जणू तयारीला वेळच मिळालेला नाही. आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. खालच्या सहा काठ्या दिसतात, पण त्या धरणारी माणसं दिसत नाहीत. वेट या पत्त्याला शौर्याचा म्हणतात, शाब्दिक चकमकीचाही म्हणतात. शौर्य खरंच आहे, पण त्या माणसाला आपण कुणाशी लढतोय याचे चेहरे मात्र दिसत नाहीत.

संसारात या दोन्ही गोष्टी घडतात. ‘फाइव्ह’ची भांडणं विषय बदलत राहतात. सकाळी गिझर चालू राहिला म्हणून, दुपारी फोन उचलला नाही म्हणून, रात्री भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. सूर तोच, विषय नवा. ‘सेव्हन’मध्ये विषय ठरलेला असतो आणि एक माणूस कायम उत्तर देण्याच्या पवित्र्यात असतो. समोरच्याने ‘दूध आणलंस का?’ एवढंच विचारलं, तरी त्याला त्यात आरोप ऐकू येतो. दांपत्यांच्या नात्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या, त्यांत एक हीच आहे: सतत स्वतःचा बचाव करत राहणं.

ओळखण्याची रीत साधी आहे. गेल्या काही दिवसांतली पाच भांडणं आठवून कागदावर लिहायला सांगावीत आणि प्रत्येकापुढे विषय व पहिलं वाक्य कुणाचं होतं ते मांडायला सांगावं. विषय पाच निघाले आणि सुरुवात कधी याने, कधी तिने केली असेल, तर गोष्ट ‘फाइव्ह’ची आहे. विषय एक-दोनच निघाले आणि खुलासा देणारा माणूस दर वेळी तोच असेल, तर ‘सेव्हन’ची.

आता एक मांडणी पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातलं दुखणं अनेक घरांत सापडेल. नवरा-बायको दोघंही दंतवैद्य, एकाच दवाखान्यात बसतात. पेशंट फोन करून ‘मॅडम आहेत का?’ विचारतात. घरी मुलाला शाळेतून कुणी आणायचं, दवाखान्याच्या वेळा कुणी ठरवायच्या, नवीन खुर्ची कुणाच्या खोलीत जायची, यावरून रोज खटके. प्रश्न घेऊन ती आली आहे: ‘तो माझ्याशी चढाओढ का करतो?’

मांडणी पाच पत्त्यांची. डावीकडे ती, उजवीकडे तो, मध्ये दोघांमधलं वातावरण, खाली त्याचं मूळ आणि वर पुढचं पाऊल. निघालं ते असं: तिच्या जागी ‘सेव्हन ऑफ वॉन्ड्स’, त्याच्या जागी ‘थ्री ऑफ पेंटॅकल्स’, मध्ये ‘फाइव्ह ऑफ वॉन्ड्स’, खाली ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’, वर ‘टेंपरन्स’.

पहिली चूक इथेच होते. उंचवट्यावरचा माणूस तिच्या जागी आहे म्हटल्यावर वाचक म्हणतो, ‘तुम्ही एकट्याने किती सोसताय!’ तिलाही ते बरं वाटतं. पण हाच प्रश्न घेऊन नवरा आला असता, तर त्यानेही या चित्राकडे बोट दाखवून ‘हा मीच’ म्हटलं असतं. भांडणात प्रत्येकाला आपण एकटे आणि समोरून सहाजण असंच वाटत असतं. म्हणून तिच्या जागी आलेला ‘सेव्हन’ एवढंच सांगतो की आज ती बचावाच्या पवित्र्यात उभी आहे. तिची बाजू बरोबर आहे की नाही, हे तो सांगत नाही.

म्हणून तिला विचारावं, ‘खालच्या सहा काठ्या कुणाच्या आहेत? नावं सांगा.’ पहिली दोन नावं नवऱ्याची येतील: त्याचा खर्चाबद्दलचा टोमणा, वेळांबद्दलची कुरकुर. मग ती थांबेल. तिसरी काठी कदाचित सासूबाईंची, ‘मुलाकडे बघायला कुणी नको का?’ असं म्हणणारी. चौथी तिच्या वडिलांची, बहिणीशी कायम तुलना करणारी. पाचवी कॉलेजातल्या एका मैत्रिणीची, जिचा दवाखाना मोठा झाला. सहावी तिची स्वतःची. सहापैकी दोनच काठ्या नवऱ्याच्या निघाल्या, तर बाकी चारांचा मारही ती त्याच्यावरच परतवत होती. चित्रात चेहरे नाहीत, त्याचा इथे उपयोग होतो.

आता त्याची बाजू. ‘थ्री ऑफ पेंटॅकल्स’मध्ये एक कारागीर चर्चच्या कमानीखाली काम करतोय आणि दोन माणसं आराखडा घेऊन ते बघताहेत. याच्या मनात भांडण जिंकणं नाही, आपलं काम कुणीतरी बघावं एवढंच आहे. मूळ म्हणून आलेल्या ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’मध्ये एक व्यापारी हातात तराजू धरून नाणी देतो आणि दोन गरजू त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आहेत. कुणी किती दिलं, कुणी किती घेतलं, याचा हिशेब या घरात चालू आहे. मधला ‘फाइव्ह’ म्हणजे त्या हिशेबाचा रोजचा आवाज.

न निघालेला एक पत्ताही इथे महत्त्वाचा आहे: पाच आणि सात यांच्या मधला ‘सिक्स ऑफ वॉन्ड्स’. त्यात एक स्वार विजयाच्या मिरवणुकीत घोड्यावर बसला आहे, डोक्यावर एक पानांचा मुकुट, हातातल्या काठीला दुसरा. बाजूने पायी चालणारे लोक आहेत. इंग्लंडमधल्या ‘गोल्डन डॉन’ या मंडळाने हे तिन्ही पत्ते सिंह राशीच्या तीन द्रेष्काणांना जोडले: पाचला शनी, सहाला गुरू, सातला मंगळ. आपल्या ज्योतिषातली द्रेष्काणांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नये. पण सिंह म्हटल्यावर मानाचा प्रश्न येतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पाच आणि सात आहेत आणि मधला सहा गायब आहे, म्हणजे या घरात धडपड भरपूर आहे, बचाव भरपूर आहे, पण ‘छान केलंस’ हे शब्द कुणी उच्चारत नाही. दोन मुकुट असूनही एकजण घोड्यावर आणि दुसरा पायी, अशी दोघांचीही समजूत झाली आहे.

‘टेंपरन्स’चा सल्ला त्यामुळे नेमका होतो. त्यातला देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. या घरासाठी त्याचा अर्थ असा: दवाखान्याच्या वेळा आणि मुलाची ने-आण यांचा आठवड्याचा तक्ता दोघांनी बसून एकदाच लिहावा, म्हणजे रोजचे निम्मे विषय संपतील. आणि तिने त्या आठवड्यात त्याचं एखादं अवघड काम पेशंटसमोर बोलून दाखवावं. प्रश्न घेऊन ती आली आहे, म्हणून पहिलं पाऊल तिच्या हातातलंच सुचवावं. जो समोर नाही त्याच्यासाठी सल्ला काढू नये.

मांडणीत काळाचा क्रम असेल, तर दोन पत्त्यांचा क्रमही बघावा. आधी ‘फाइव्ह’ आणि नंतर ‘सेव्हन’ आला, तर बारीकसारीक कुरबुरी घट्ट होऊन एकाने बाजू धरली आहे. घर शांत वाटेल, पण ती शांतता अंतराची आहे. उलट, आधी ‘सेव्हन’ आणि नंतर ‘फाइव्ह’ आला, तर उंचवट्यावरचं माणूस खाली उतरलं आहे. आवाज वाढेल, नवेनवे विषय निघतील आणि आलेली व्यक्ती घाबरून म्हणेल, ‘आता जास्तच भांडतो आम्ही.’ तरीही हा क्रम बरा, कारण दोघं पुन्हा एका पातळीवर बोलू लागले आहेत.

पत्ता उलटा पडला तर? वेट यांनी उलट्या ‘फाइव्ह’ला कज्जे आणि विसंगती जोडल्या, उलट्या ‘सेव्हन’ला गोंधळ आणि चिंता. आजचे अनेक वाचक उलटा ‘फाइव्ह’ म्हणजे दाबून ठेवलेलं भांडण मानतात. दोन्ही वाचनं एकत्र चालत नाहीत. आपण कुठलं धरणार, ते पिसण्याआधी ठरवावं. पत्ता बघून सोयीचं निवडलं की वाचन तिथेच फसतं.

एका ठिकाणी मात्र हे वाचन थांबवावं. ‘फाइव्ह’चा सगळा अर्थ, त्यात कुणाला लागत नाही, यावर उभा आहे. समोरची व्यक्ती बोलताना दाराकडे बघत असेल, फोन वाजल्यावर दचकत असेल, पैसे काढायला किंवा माहेरी जायला परवानगी लागते असं सांगत असेल, हात उचलला गेल्याचा उल्लेख करत असेल, तर ती कुरबूर नव्हे. तिथे पत्ते गोळा करून बाजूला ठेवावेत आणि महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन सांगावी. उंचवट्यावर टिकून राहा, असा सल्ला अशा वेळी धोकादायक ठरतो.

बाकी घरांत पुन्हा पत्ते मांडण्याची घाई करू नये. रोज भांडण झालं की रोज मांडणी केली, तर पत्तेही भांडणातला पुरावा होतात: ‘बघ, तुझ्या जागी काय आलं!’ आठवड्याचा तक्ता महिनाभर चालवावा, मग पाच भांडणांचा तोच कागद नव्याने लिहावा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवावा. विषय कमी झाले का, खुलासा देणारा माणूस बदलला का, हे त्यात दिसेल. पुढची मांडणी करायची असेल, तर ‘तो माझ्याशी चढाओढ का करतो?’ याऐवजी प्रश्न विचारावा: ‘आमच्या दोघांच्या कामाची दखल या घरात कोण आणि कशी घेणार?’