बॉडी मिस्ट, डिओ की परफ्यूम? वयात येणाऱ्या मुलांनी आधी काय घ्यावे

सातवी-आठवीच्या वर्गात जून महिन्यात एक बदल हमखास दिसतो. मागच्या वर्षी केसही न विंचरता येणारी मुले आता खिशात कंगवा ठेवतात आणि दप्तरात स्प्रेचा एक डबा सापडतो. मुलींकडे गुलाबी पाण्याची लांब बाटली असते. पालक सभेला आलेल्या अम्मी आम्हाला विचारतात, "सर, हे वय आहे का सेंट मारायचं? आणि घ्यायचंच असेल तर कोणतं घेऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे. दुकानात या तिन्ही वस्तू एकाच फळीवर असतात आणि तिन्ही फुसकन उडतात. पण तिघांची कामे वेगळी आहेत.

आधी वास येतो कुठून ते पाहू. आपल्या त्वचेत घामाच्या दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक प्रकार जवळजवळ सगळ्या अंगावर असतो. त्यातून येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याचे काम अंग थंड ठेवणे. दुसरा प्रकार काख आणि जांघ अशा ठिकाणी असतो आणि तो वयात येताना कामाला लागतो. त्याचा घाम थोडा दाट असतो. गंमत म्हणजे ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतले जिवाणू त्या दाट घामातले पदार्थ तोडतात आणि त्यातून तो आंबूस, उग्र वास तयार होतो. म्हणूनच दहा वर्षांचा मुलगा दिवसभर खेळला तरी त्याला तसा वास येत नाही आणि तेरा-चौदाव्या वर्षी अचानक येऊ लागतो. यात मुलाचा आळशीपणा किंवा घाणेरडेपणा नाही, शरीर मोठे होत आहे इतकेच. घरात कुणी "तुझ्या अंगाचा वास येतो" असे चारचौघांत बोलण्याआधी हे लक्षात ठेवावे.

आता तीन बाटल्यांकडे येऊ.

डिओडरंटचे काम काखेतल्या जिवाणूंवर आहे. ते जिवाणूंची वाढ रोखते आणि वर थोडा सुगंध देते. घाम मात्र थांबवत नाही. घाम कमी करणारी वस्तू वेगळी. तिच्यावर 'अँटिपर्स्पिरंट' असे लिहिलेले असते आणि घटकांत ॲल्युमिनियमचा एखादा क्षार असतो. तो घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरते बूच बसवतो. काही बाटल्यांत दोन्ही कामे एकत्र असतात, म्हणून मागचे लेबल वाचूनच घ्यावे. आपल्या बाजारात 'डिओ' किंवा 'बॉडी स्प्रे' नावाने विकले जाणारे कित्येक डबे प्रत्यक्षात गॅस, अल्कोहोल आणि सुगंध एवढेच असतात. 'नो गॅस' लिहिलेल्या बाटलीत गॅस नसतो, पण बाकी कहाणी बहुधा तीच.

बॉडी मिस्ट म्हणजे पातळ केलेला सुगंध. त्यात सुगंधी तेलाचे प्रमाण साधारण १ ते ३ टक्के असते आणि बाकी पाणी व अल्कोहोल. तो अंगावर दोन-तीन तास टिकतो. जिवाणूंशी त्याला देणेघेणे नाही.

परफ्यूम म्हणजे तोच सुगंध, पण दाट. बाटलीवर 'ओ द तुआलेत' लिहिले असेल तर सुगंधी तेल साधारण ५ ते १५ टक्के, 'ओ द पार्फम' असेल तर १५ ते २० टक्के, आणि नुसते 'पार्फम' असेल तर त्याहूनही जास्त. हे आकडे कंपनीगणिक मागेपुढे होतात, पण क्रम हाच. ओ द पार्फम पाच-सहा तास सहज टिकतो आणि शेजारच्या बाकावरही पोहोचतो.

थोडक्यात, वासाचे कारण हाताळते ती तिघांपैकी एकच वस्तू. बाकीच्या दोन फक्त वर सुगंध चढवतात.

हे न कळल्याने काय होते त्याचे एक उदाहरण दरवर्षी आमच्या डोळ्यांसमोर घडते. पी.टी.चा तास संपतो. आठवीतला एक मुलगा घामेजून वर येतो, बाथरूममध्ये जाऊन शर्टावरून पाच-सहा सेकंद स्प्रे मारतो आणि वर्गात बसतो. वीस मिनिटांनी घामाचा आणि स्प्रेचा मिळून तिसराच वास सुटतो, आणि मागच्या बाकावर खसखस सुरू होते. मुलाला वाटते स्प्रे कमी पडला. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट मारतो.

त्याच्या बाबतीत तीन गोष्टी चुकल्या. पहिली म्हणजे काखेत जिवाणूंचे काम आधीच होऊन गेले होते आणि तयार झालेला वास सुगंधाने पुसला जात नाही. दुसरी म्हणजे स्प्रे कापडावर बसला, काखेपर्यंत गेलाच नाही. तिसरी म्हणजे गणवेशाचे कापड. टेरिकॉटच्या शर्टातला पॉलिस्टरचा धागा हा वास धरून ठेवतो आणि कालचा न धुतलेला शर्ट आज पुन्हा घाम लागताच वास सोडतो.

उपाय साधा आहे. सकाळी आंघोळीत काखेला साबण लावून बोटांनी नीट चोळून धुवायचे. टॉवेलने पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या त्वचेवर डिओ बसत नाही. मग रोल-ऑन डिओ दोन-तीन वेळा फिरवायचा आणि मिनिटभर वाळू द्यायचा. आत रोज धुतलेली सुती बनियन घालायची, मुलींनी सुती स्लिप. पी.टी.नंतर काख पाण्याने धुऊन पुसायची, हवा तर रोल-ऑन पुन्हा लावायचा. एवढे आठवडाभर केले तरी फरक कळतो. कळला की नाही हे तपासायचे तर संध्याकाळी काढलेल्या बनियनची काखेकडची बाजू हुंगून पाहावी. स्वतःच्या अंगाचा वास नाकाला सवयीचा होतो, कापडावरचा लवकर कळतो.

एवढे करूनही शर्ट ओलाचिंब होत असेल तर अँटिपर्स्पिरंट घ्यावे आणि ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावावे. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे ते नीट बसते. तळहात-तळपायही सतत ओले राहत असतील किंवा वास अचानक फार बदलला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आम्ही रोल-ऑन म्हणतो, गॅसचा डबा नाही, त्याला कारणे आहेत. डब्यातला गॅस म्हणजे ब्युटेन, प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचीच भावंडे. पेटता स्टोव्ह, लोबान किंवा उदबत्तीजवळ तो मारू नये आणि डबा उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. बंद वर्गात मारला तर दम्याच्या मुलाला धाप लागू शकते. अजून एक गोष्ट पालकांनी माहीत करून घ्यावी. काही मुले हा गॅस मुद्दाम हुंगतात. त्याने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. महिनाभर पुरणारा डबा चार दिवसांत संपत असेल तर रागावण्याआधी शांतपणे विचारा.

मग मिस्ट आणि परफ्यूम घ्यायचेच नाही का? तसे नाही. छान वास यावा असे वाटणे या वयात अगदी स्वाभाविक आहे. काखेचा प्रश्न सुटला की हौसेसाठी मिस्ट पहिली पायरी म्हणून बरा. तो हलका असतो, जास्त मारला गेला तरी तासाभरात ओसरतो आणि किती मारायचे याचा अंदाज मुलाला येतो.

मिस्ट स्वस्त पडतो असे मात्र समजू नये. हिशेब करून पाहू. समजा १५० मिलीचा मिस्ट ३०० रुपयांना आणला. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली धरा. तो लवकर उडतो म्हणून मूल सकाळी १० आणि दुपारी १० फवारे मारते, म्हणजे दिवसाला २ मिली. बाटली ७५ दिवसांत संपली, रोजचे ४ रुपये. आता ५० मिलीचा परफ्यूम १००० रुपयांना आणला. दिवसाला दोनच फवारे, म्हणजे ०.२ मिली. बाटली २५० दिवस चालली, रोजचे तेवढेच ४ रुपये. त्यामुळे निवड किमतीवर नव्हे, वापराच्या जागेवर करावी. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दाट परफ्यूम शेजाऱ्याचे डोके दुखवतो. तो ईद, लग्न, दावत अशा वेळी एक-दोन फवारे, तेवढाच शोभतो.

आपल्या घरांत चौथी वस्तूही असते, ती म्हणजे अत्तर. कन्नौजच्या जुन्या पद्धतीत डेग-भपक्यातून फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. बाजारातल्या स्वस्त कुप्यांत मात्र बहुधा कृत्रिम सुगंध पातळ करणाऱ्या द्रवात मिसळलेला असतो. दोन्हींत अल्कोहोल नसते, पण दोन्ही दाट असतात. म्हणून कानामागे किंवा मनगटावर एक थेंब पुरे. काखेत अत्तर लावू नये, जळजळते. पांढऱ्या कुर्त्यावर लावल्यास डाग राहतो. अल्कोहोलच्या सुगंधाबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्या घरात एहतियात आहे त्यांना अत्तर आणि 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेला रोल-ऑन असे दोन सोपे मार्ग आहेत.

नवी कोणतीही वस्तू आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ती वस्तू बंद. काखेतले केस काढल्यावर लगेच डिओ लावू नये, एक रात्र जाऊ द्यावी.

तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी यादी करायची झाली तर ती अशी: साबण, दोन जादा सुती बनियन किंवा स्लिप आणि एक साधा रोल-ऑन डिओ. हे महिनाभर नीट वापरले की मग त्याच्या आवडीचा मिस्ट, आणि तोही घरीच ठेवायचा, दप्तरात नाही. परफ्यूम दहावीनंतर मागितला तरी चालेल. तोवर ईदच्या सकाळी अब्बांच्या कुपीतला एक थेंब आहेच.