इथरची बाटली उघडली कधी?

बी.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मिश्रणातले दोन घटक वेगळे करायला डायइथाइल इथर लागते. त्यामुळे बहुतेक कॉलेजांच्या प्रयोगशाळेत त्याच्या दोन-चार बाटल्या असतातच. बाटलीवर कंपनीने मुदत छापलेली असते, रजिस्टरमध्ये तीच उतरवली जाते, आणि अलीकडे रजिस्टरची जागा सगळ्यांनी मिळून भरायच्या शीटने घेतली की तिथेही तीच तारीख जाते. पण ही तारीख सीलबंद बाटलीची असते. झाकण एकदा उघडले की बाटलीत हवा शिरते, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी इथरचा हळूहळू संयोग होऊन पेरॉक्साइडे तयार होऊ लागतात. उजेडात हे अधिक वेगाने होते. पेरॉक्साइड इथरइतके सहज उडून जात नाही. म्हणून इथर आटवले किंवा त्याचे ऊर्ध्वपातन केले की तळाशी पेरॉक्साइड साठत जाते, आणि उष्णतेने किंवा धक्क्याने त्याचा स्फोट होऊ शकतो. झाकणाच्या आट्यांत वाळलेले इथरही याच कारणाने घातक ठरते.

अशा रसायनाची खरी मुदत कंपनीला छापताच येत नाही, कारण बाटली कधी उघडली जाईल हे तिला ठाऊक नसते. ती तारीख प्रयोगशाळेतच जन्माला येते आणि तिथेच नोंदवावी लागते. रीएजंटच्या यादीत नाव, प्रमाण, कंपनी हे सगळे असते आणि नेमका ‘उघडल्याची तारीख’ हा रकाना नसतो, किंवा असून रिकामा असतो. माझ्या मते यादीतला सर्वात मोलाचा रकाना तोच.

हा रकाना भरता यायचा तर शीटची मांडणी मुळातून बदलावी लागते. जुन्या रजिस्टरची सवय अशी, की एका रसायनाला एक ओळ: ‘डायइथाइल इथर, २ बाटल्या, ६५० मिलि, मुदत ०५/२०२८’. या ओळीत उघडल्याची तारीख लिहायची कुठे? एक बाटली उघडलेली आहे, दुसरी नाही. म्हणून दर बाटलीला स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र क्रमांक हवा. ET-01, ET-02 असे क्रमांक बाटलीवर ठळक लिहायचे आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, नाहीतर सॉल्व्हंटचा ओघळ आला की शाई पुसली जाते. जो कोणी सील तोडेल त्याने त्याच क्षणी बाटलीवर तारीख टाकायची. शीटमध्ये ती संध्याकाळी गेली तरी चालते.

आता दोन्ही बाटल्या शीटमध्ये घेऊ. दोन्ही २० जून २०२५ ला आल्या, दोन्हींवर मुदत ०५/२०२८. महिना आणि वर्ष एवढेच छापलेले असेल तर सहसा त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. तो पूर्ण लिहावा, कारण नुसते 05/2028 टाइप केले तर शीट त्याची १ मे करून टाकू शकते. ET-01 चे सील १० जुलै २०२५ ला तोडले. उघडलेले इथर किती दिवस ठेवायचे याचे नियम संस्थेगणिक वेगळे असतात. कुणी सहा महिने धरते, कुणी बारा, आणि मध्ये चाचणी घेते. आपल्याकडचा उन्हाळा पाहता मी सहाच धरीन. F रकान्यात कंपनीची मुदत, G मध्ये उघडल्याची तारीख, H मध्ये उघडल्यानंतरचे महिने असतील, तर I रकान्यात हे सूत्र येईल:

```
=IF(G2="",F2,MIN(F2,EDATE(G2,H2)))
```

बाटली उघडलेली नसेल तर कंपनीची मुदत, उघडली असेल तर दोन्हींपैकी आधीची तारीख, असा त्याचा अर्थ. ET-02 पुढे ३१ मे २०२८ येते. ET-01 पुढे १० जानेवारी २०२६, म्हणजे छापील तारखेच्या दोन वर्षांहून अधिक आधी. सुरुवातीचे IF गाळू नये. ते नसेल तर रिकामी G शीटला शून्य वाटते, शून्याची तारीख शंभरहून अधिक वर्षे मागची असते, आणि कपाटातली प्रत्येक न उघडलेली बाटली मुदत संपलेली दिसू लागते.

यापुढे रंग. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये पहिला नियम लाल रंगाचा, त्याखाली दुसरा पिवळ्याचा:

```
=$I2<TODAY()
=$I2<=TODAY()+30
```

ET-01 ची ओळ ११ डिसेंबरला पिवळी होईल आणि १० जानेवारी उलटताच लाल. हे न चुकता व्हायचे तर शीटला तारखा तारखा म्हणूनच कळायला हव्यात, आणि सर्वात जास्त घोळ होतो तो इथेच. शीटचे लोकेल अमेरिकेचे राहिले असेल तर ती महिना आधी आणि दिवस नंतर वाचते. 10/07/2025 म्हणजे तिच्या लेखी ७ ऑक्टोबर. ET-01 ची मुदत मग ७ एप्रिल २०२६ होते आणि ती बाटली जवळपास तीन महिने जास्त कपाटात राहते. उलट 31/05/2028 टाइप केले तर एकतिसावा महिना नसल्यामुळे शीट त्याला तारीखच मानत नाही, साधा मजकूर म्हणून ठेवते. मजकूर आणि संख्या यांची तुलना करताना शीट मजकूर नेहमी मोठा धरते. म्हणून ET-02 ची ओळ २०२८ उलटले, २०३० उलटले तरी लाल होणार नाही. ओळ पांढरी दिसते आणि सगळे ठीक आहे असे वाटते.

ही चूक डोळ्यांनी ओळखता येते. रकान्याचे अलाइनमेंट आपण बदललेले नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. सुरुवातीलाच File मधल्या Settings मध्ये जाऊन लोकेल भारताचे करावे आणि तारखेच्या रकान्यांना फक्त वैध तारीखच स्वीकारण्याचा डेटा व्हॅलिडेशनचा नियम लावावा. आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा मात्र लोकेल बदलल्याने दुरुस्त होत नाहीत. त्या बाटलीवर बघून पुन्हा भराव्या लागतात.

नावाशेजारी कॅस क्रमांक घालावा, कारण एकाच रसायनाला कुणी ‘इथर’ लिहितो, कुणी ‘डायइथाइल इथर’, कुणी ‘इथॉक्सीइथेन’, आणि शोधताना तीन वेगळ्या वस्तू वाटतात. इथरचा क्रमांक 60-29-7. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच निघतो. उजवीकडून डावीकडे जात ९ ला १ ने, २ ला २ ने, ० ला ३ ने आणि ६ ला ४ ने गुणून बेरीज केली की ३७ येते, आणि तिचा शेवटचा आकडा ७. उतरवताना एखादा अंक चुकला तर बहुतेक वेळा हा ताळा जुळत नाही. या रकान्याचे स्वरूप मात्र Plain text ठेवावे, कारण काही कॅस क्रमांक दिसायला तारखेसारखे असतात आणि शीट त्यांची तारीख करून मोकळी होते.

साठवणुकीच्या रकान्यात ‘थंड जागी’ एवढे लिहून भागत नाही. इथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमानच त्याच्या वर जाते. म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचे स्विच असतात आणि त्यांची बारीक ठिणगी साठलेल्या इथरच्या वाफेला पुरते. त्यामुळे शीटमध्ये ‘ज्वलनशील द्रवांसाठी बनवलेला फ्रिज’ असे स्पष्ट लिहावे, आणि तसा फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात इथर साठवूच नये, लागेल तेवढेच मागवावे.

कपाटात बाटल्या इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लावण्याची प्रथा फार ठिकाणी आहे आणि ती मोडायला हवी. त्या क्रमाने हायड्राझीन हायड्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जवळजवळ शेजारी येतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या मेसरश्मिट १६३ या रॉकेट-विमानाच्या इंजिनात तीव्र पेरॉक्साइडशी हायड्राझीन हायड्रेट आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एकत्र येताच ते आपोआप पेट घेई. प्रयोगशाळेतले पेरॉक्साइड ३० टक्क्यांचे, तितके तीव्र नसते, तरी ही दोन्ही एका फळीवर ठेवण्याची नाहीत. आद्याक्षरांचा क्रम माणसाला शोधता यावे म्हणून होता, आणि शोधण्याचे काम आता शीट करते. कपाटात बाटल्या गटांप्रमाणे लावाव्यात: ज्वलनशील, ऑक्सिडीकारक, आम्ले, अल्कली. गट आणि फळी यांना शीटमध्ये एकेक रकाना दिला की बाटली सापडते.

धोक्याच्या चिन्हांबाबत एक गोष्ट सहज निसटते. इथरच्या लेबलवर लाल चौकटीत दोन चिन्हे असतात, ज्वाला आणि उद्गारचिन्ह. पेरॉक्साइड तयार होण्यासाठी वेगळे चिन्हच नाही. युरोपीय लेबलवर त्यासाठी EUH019 हे पुरवणी वाक्य असते, पण चिन्हांपुरतीच नोंद केली तर ते शीटपर्यंत पोचत नाही. म्हणून ‘पेरॉक्साइड होते का’ असा हो-नाहीचा रकाना स्वतंत्र ठेवावा. टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायऑक्झेन यांच्यापुढेही तिथे ‘हो’ येईल.

१० जानेवारी उलटून ET-01 लाल झाली की तिचे काय करायचे? बाटलीचे वय माहीत असेल आणि द्रव स्वच्छ असेल, तर थोडेसे इथर तितक्याच ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात पोटॅशियम आयोडाइडचे काही कण टाकून मिसळतात. फिकट पिवळा रंग आला तर पेरॉक्साइड थोडे, तपकिरी आला तर बरेच. इथर न घालता तेच मिश्रण शेजारी ठेवावे, म्हणजे रंग कशाने आला ते कळते. पण झाकणाभोवती किंवा द्रवात स्फटिक दिसले, किंवा बाटली कधी उघडली हेच कुणाला सांगता येत नसेल, तर चाचणीसाठीसुद्धा झाकण फिरवू नये. बाटली हलवूही नये. खोली बंद करून विभागप्रमुखांना कळवावे आणि या कामातले प्रशिक्षित लोक बोलवावेत. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत, पण पेरॉक्साइड साठलेली बाटली इतर टाकाऊ रसायनांबरोबर खोक्यात घालून पाठवायची नसते. तिच्याबद्दल आधी वेगळे सांगावे लागते.

शीटमधली तिची ओळ पुसू नये. ‘स्थिती’ या रकान्यात ‘विल्हेवाट’ आणि तारीख लिहावी. सर्वांना बदल करता येतात अशा शीटमध्ये आणखी एक सांभाळावे लागते: कुणी एकच रकाना निवडून त्याची क्रमवारी लावली तर तारखा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातात आणि इथरची मुदत मिठाच्या बाटलीपुढे जाऊन बसते. क्रमवारी पाहायची तर फिल्टर व्ह्यू वापरावा, आणि घोळ झालाच तर व्हर्जन हिस्टरीतून आदल्या दिवसाची शीट परत आणावी. दर सत्राच्या सुरुवातीला दोघांनी कपाटापुढे उभे राहून पडताळा घ्यावा. आधी फळीवरची प्रत्येक बाटली शीटमध्ये शोधायची, मग शीटमधली प्रत्येक ओळ फळीवर. पहिल्या फेरीत नोंद नसलेल्या बाटल्या सापडतात, दुसऱ्या फेरीत बाटली नसलेल्या नोंदी. त्यानंतर शीटची छापील प्रत काढून प्रयोगशाळेबाहेर, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी. आग लागली तर वीज आणि इंटरनेट दोन्ही नसतील, आणि अग्निशमन दलाचे जवान कोणत्या खोलीत काय आहे ते तिथेच विचारतील.