बँकेला न विचारता कार्डाची पारख

लंडनच्या भुयारी रेल्वेत 2014पासून बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं. फाटक साधारण अर्ध्या सेकंदात उघडावं लागतं. बँकेला विचारत बसलं तर मागे रांग लागेल. म्हणून फाटक कार्डाची पारख स्वतःच करतं.

व्हिसा किंवा मास्टरकार्डची सार्वजनिक किल्ली फाटकात आधीच साठवलेली असते. कार्डाच्या चिपमधून दोन प्रमाणपत्रं येतात. पहिल्यावर कार्ड कंपनीची डिजिटल सही असते. ती पटली की बँकेची सार्वजनिक किल्ली मिळते. त्या किल्लीने दुसरं तपासलं की खुद्द कार्डाची मिळते.

पण प्रमाणपत्रं कुणीही वाचून दुसऱ्या चिपवर उतरवू शकतो. जुन्या पद्धतीत तपासणी कायम त्याच सहीवर थांबायची, त्यामुळे अशी नक्कल खपून जायची. आता फाटक दर वेळी नवा यादृच्छिक आकडा देतं आणि चिप त्यावर सही करते. त्यासाठी लागणारी खाजगी किल्ली चिपबाहेर येतच नाही, म्हणून नकली कार्ड इथे अडकतं.

कार्ड अस्सल ठरलं, तरी खात्यात पैसे आहेत की नाहीत किंवा ते चोरीचं आहे का, हे सही सांगत नाही. त्यासाठी फाटकाकडे नाकारलेल्या कार्डांची यादी असते. बँकेशी बोलणं मागाहून होतं, आणि तोवर फुकट्या प्रवासी एखादी फेरी मारूनही जातो.