ट्रायलची तारीख आधी, डिलिव्हरीची नंतर

लेडीज टेलरच्या दुकानात दोन वह्या लागतात. ऑर्डरच्या वहीत पावतीच्या क्रमांकाने गिऱ्हाईकाचे नाव, फोन, मापे आणि गळ्याचा नमुना असतो. शेजारी कापडाचा छोटा तुकडा स्टेपल केलेला असतो. तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून कापडाला टाचतात. दुसरी वही तारखांची. दिवाळीत खरा भार हिच्यावर पडतो.

या वहीत एका दिवसाला एक पान आणि पानावर मोजक्याच ओळी आखलेल्या असतात. समजा, दुकानात दोन कारागीर आहेत आणि प्रत्येकाच्या हातून दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज उतरतात. म्हणजे दिवसाला आठ. पण ओळी आखायच्या सहाच. उरलेल्या दोन ब्लाउजांचा वेळ अल्टरसाठी राखलेला असतो. बहुतेक दुकानांत आठही ओळी भरतात आणि अल्टरेशन रात्री जागून होते.

तारखा सणापासून मागे मोजतात. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला होता, वसुबारस 17 ला. शेवटची डिलिव्हरी वसुबारसेला द्यायची, तर शेवटची ट्रायल 15 ला हवी आणि शिलाई 14 ला संपायला हवी. 3 ते 14 ऑक्टोबर हे बारा दिवस, रोज सहा ओळी. म्हणजे दसऱ्यानंतरच्या शिलाईला बहात्तर ब्लाउज. त्र्याहत्तरावे कापड नवरात्रातच आले, तरी ते दिवाळीनंतरच्या पानावर जाते.

आता एक ओळ पाहू. शिलाई 8 तारखेला, ट्रायल 9 ला, अल्टर 10 ला, डिलिव्हरी 11 ला. गिऱ्हाईकाच्या पावतीवर ट्रायलची तारीख वर आणि ठळक असते, कारण गाडी अडते ती इथेच. बाई 9 ऐवजी 13 ला आल्या, तर 10 चा राखीव वेळ वाया जातो आणि 14 च्या कामात त्यांचे अल्टर घुसते. म्हणून ट्रायल चुकली की डिलिव्हरीही तेवढीच पुढे जाईल, हे पावतीवरच छापलेले बरे. जुन्या गिऱ्हाईकाने मापाचा ब्लाउज दिला असेल, तर ट्रायल वगळता येते.

सगळे अल्टर सारखे नसते. बाजूची शिवण आत घेणे पंधरा मिनिटांचे काम. सैल करायचे तर आत माया सोडलेली हवी. मुंढा ओढत असेल, तर बाही उसवून पुन्हा लावावी लागते, पाऊण-एक तास सहज जातो. गळा जास्त खोल कापला गेला, तर मात्र कापड परत येत नाही. त्यामुळे ट्रायलला ब्लाउज बाजूने कच्च्या टाक्यावर ठेवतात आणि गळा बेताचाच कापतात. काय दुरुस्त करायचे ते त्याच ओळीत लगेच लिहितात: ‘मुंढा अर्धा इंच सैल’. नुसते ‘अल्टर’ लिहिले, तर दुसऱ्या दिवशी कारागीर नेमके काय उसवायचे ते विचारायला येतो आणि बाईंना पुन्हा फोन करावा लागतो.