एक्सप्लेनर : चित्र काढता येतं, पण चित्रपुस्तकाची कल्पना कशी सापडते? हळदीच्या अंगणातून समजून घ्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत, हिंगोलीच्या शिवारात फिरलं की अंगणं पिवळी दिसतात. शिजवलेली हळकुंडं वाळत पडलेली असतात आणि घरातली लहान मुलं त्यातूनच पळत असतात. चित्र काढणाऱ्या एखाद्या आईला किंवा बाबांना हे बघून वाटतंच, यावर मुलांसाठी पुस्तक करावं. वही उघडली जाते, चार सुंदर चित्रं होतात आणि पाचव्या चित्राला सगळं अडतं. चित्रकला कमी पडलेली नसते. हाती विषय आलेला असतो, कल्पना अजून आलेली नसते.

विषय आणि कल्पना यात फरक काय?

‘हळद’ हा विषय आहे. ‘हळद कशी तयार होते’ ही माहिती आहे. चित्रपुस्तकाची कल्पना म्हणजे पान उलटल्याशिवाय घडूच शकणार नाही अशी गोष्ट. तिची सोपी कसोटी आहे. पुस्तकातला मजकूर फोनवर कुणाला वाचून दाखवला आणि समोरच्याला सगळं समजलं, तर चित्रं फक्त सजावटीला आहेत. मजकूर ऐकून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि चित्र पाहिल्यावर उलगडा झाला, तर ती चित्रपुस्तकाची कल्पना.

जगातलं गाजलेलं उदाहरण एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाचं. हे पुस्तक १९६९ मध्ये आलं. कार्ल यांच्या डोक्यात आधी सुरवंट नव्हता. कागदाला भोकं पाडणाऱ्या पंचिंग मशीनमुळे त्यांना पुस्तक कुरतडत जाणारा किडा सुचला आणि त्यांनी ‘विली’ नावाच्या किड्याची गोष्ट केली. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा काही भावला नाही. त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्ल यांना लगेच फुलपाखरू दिसलं. पानाला भोक ही युक्ती आधीपासून होती, पण किड्याच्या गोष्टीला शेवट नव्हता. सुरवंटाला तो जन्मतःच असतो. तेव्हा भोकांची पानं परवडणाऱ्या दरात छापणारं कुणी अमेरिकेत मिळेना, म्हणून छपाई जपानमध्ये झाली.

मराठीत पाहायचं तर माधुरी पुरंदरे यांचं काम आहे. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं लहान मुलीच्या नजरेतून येतात. शेवटी ‘म्हणून मुलांनो’ असं कुणी सांगायला येत नाही. पहिलं पुस्तक करणाऱ्या पालकाने आपल्या हस्तलिखितातलं ते वाक्य आधी शोधून खोडावं. बहुतेक पहिल्या मसुद्यांत ते असतंच.

हळदीचं पुस्तक करून पाहू

समजा, वसमतजवळच्या एका आईला हळदीवर पुस्तक करायचं आहे. पहिला मसुदा नेहमीचा असतो: हळद लावली, काढली, शिजवली, वाळवली, बाजारात गेली. क्रम बरोबर आहे, पण त्यात मूल कुठेच नाही. असलं तरी ते फक्त बघतं, करत काहीच नाही.

आता याच अंगणात एक मुलगी आणू. उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे, पांढरा शर्ट दोरीवर वाळतोय. आई बजावते, हळदीला हात लावू नकोस. मुलगी पुस्तकभर सांगत राहते, ‘मी हात लावला नाही.’ आणि चित्रात? माठावर पिवळी बोटं. शेळीच्या कानाला पिवळा डाग. आजोबांच्या टोपीवर अख्खा पंजा. शब्द नाकारतात, चित्र चुगली करतं. वाचता न येणारं मूलही मोठ्या माणसाच्या आधी सत्य पकडतं आणि बोट ठेवून ओरडतं. कल्पना सापडली ती इथे.

पण नुसत्या डागांवर पुस्तक दहा पानांपुढे जात नाही. गोष्टीला वळण लागतं आणि ते बाहेरून आणायची गरज नाही, हळदीतच आहे. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुरकुमिन. साबणासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की तो लाल होतो. हळदीचा डाग साबणाने घासणाऱ्या प्रत्येकीने हे पाहिलेलं असतं. म्हणजे मुलगी शर्टवरचा पंजा गुपचूप साबणाने धुवायला जाते आणि पान उलटताच पिवळा पंजा लालभडक झालेला दिसतो. पाण्याने साबण निघून गेला की पिवळेपणा परत येतो. सुटकाही निसर्गाचीच, कारण कुरकुमिन उन्हात टिकत नाही. हळद वाळते त्याच उन्हात शर्ट वाळतो आणि डाग फिका होत जातो. एका दुपारीत तो पूर्ण जाईलच असं नाही, त्यामुळे फोटोत अगदी पुसट पंजा ठेवलेला खराही आणि गमतीचाही.

एक दुरुस्ती मात्र लागेल. पहिल्या स्केचमध्ये मुलगी हळद शिजवण्याच्या कढईजवळ असेल, तर संपादक तिथेच थांबवेल. उकळत्या कढईशी एकटं मूल दाखवलं की वाचणाऱ्या पालकाचं लक्ष गोष्टीवरून उडतं. प्रसंग वाळवणाच्या अंगणात हलवला की अडचण मिटते.

पानं कशी वाटायची?

कागद दुमडून पानं होतात, म्हणून पिनांच्या पुस्तकात पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत असते. परदेशात ३२ पानांचा प्रघात आहे. पहिल्या पुस्तकाला २४ पुरतात. घरी ए-फोर आकाराचे सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की २४ पानांची डमी तयार. मुखपृष्ठाला वेगळा कागद लागेल.

पान १ वर शीर्षक, पान २ वर प्रकाशनाची माहिती, पान ३ वर आईची ताकीद. त्यानंतर ४ ते २३ या पानांत समोरासमोरची दहा जोडपानं मिळतात आणि शेवटचं पान २४ एकटं उरतं. माठ, शेळी, दार, टोपी यांना ४ ते ११ ही पानं गेली. १२-१३ वर पंजा शर्टवर पडला. १४-१५ वर मुलगी पाठमोरी बसून साबण चोळतेय, शर्ट आपल्याला दिसत नाही. १६-१७ वर पूर्ण लाल पंजा, शब्द एकही नाही. १८-१९ वर लपवालपवी आणि आजीची नजर, २०-२१ वर ऊन, २२-२३ वर वर्गाचा फोटो. शेवटच्या पानावर शेळी, कान अजून पिवळाच.

यात नीट पाहण्यासारखं एकच आहे. उत्सुकता नेहमी उजव्या, म्हणजे विषम पानावर संपते, कारण तिथूनच पान उलटतं. लाल पंजा चुकून पान १५ वर आला, तर मूल साबण चोळतानाच त्याला पाहील आणि धक्का वाया जाईल. डमी न करता फक्त मोबाइलवर एकेक चित्र काढत गेलेल्यांची हमखास चूक हीच. पडद्यावर डावं-उजवं पान नसतंच.

मजकूर किती असावा? ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर पहिल्या पातळीच्या पुस्तकासाठी साधारण २५० शब्दांची मर्यादा असते. वरच्या पुस्तकाला शंभरही लागणार नाहीत. ‘शेळीच्या कानाला पिवळा डाग पडला’ असं लिहिलं की चित्राचं काम शब्दांनी हिसकावलं.

डमी घरच्या नव्हे, शेजारच्या मुलांना दाखवायची. आपलं मूल आई-बाबांसाठी कौतुकाने ऐकतं. शेजारचं मूल कंटाळलं की उठून जातं आणि ते कोणत्या पानावर उठलं, हीच मोलाची नोंद. वाचताना खुलासा करायचा नाही. ‘तिने साबण लावला ना, म्हणून लाल झालं’ असं तोंडाने सांगावं लागलं, तर पान १४ वरच्या चित्रात साबण ठळक दिसत नाही असा अर्थ.

चित्रं छापताना काय बिघडतं?

हळदीच्या पुस्तकात धोका पिवळ्यालाच आहे. जलरंगातला पातळ पिवळा हात स्कॅनरमध्ये बऱ्याचदा उडून जातो आणि पांढऱ्या शर्टवरचा पुसट पंजा गायबच होतो. त्यामुळे पुसट डागही मूळ चित्रात थोडा गडद ठेवून स्कॅनची चाचणी करावी. मोबाइलने काढलेल्या फोटोत कागदाच्या कडेला सावली येते. स्कॅन मूळ आकारात ३०० डीपीआयचा असावा आणि चित्र कापण्याच्या रेषेबाहेर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून काढावं. जोडपानाच्या मधल्या घडीत चेहरा येऊ देऊ नये. नाक दोन पानांत वाटलं गेलं की मग काही करता येत नाही.

सगळी २४ पानं रंगवून मगच प्रकाशकाकडे जाण्याचा अट्टहास उलट अंगाशी येतो, कारण संपादकाने क्रम बदलायला सांगितला की महिन्यांची मेहनत वाया जाते. पूर्ण मजकूर, पेन्सिलीची अख्खी डमी आणि रंगवलेली दोन-तीन जोडपानं एवढं पुरतं. त्यात मुलगी प्रत्येक पानावर तीच वाटते का, हे संपादक आधी पाहतो.

पुस्तक कुठे आणि कोणत्या अटीवर?

स्टोरीवीव्हरवर स्वतःचं पुस्तक मोफत प्रकाशित करता येतं, मराठीतही. मात्र तिथला ‘सीसी बाय ४.०’ परवाना समजून घ्यायला हवा. नाव दिलं की कुणीही ते पुस्तक भाषांतरित करू शकतो, बदलू शकतो, छापून विकूही शकतो. पुस्तक लांबवर पोहोचावं असं वाटणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण नंतर तीच गोष्ट एखाद्या प्रकाशकाला एकट्याचे हक्क म्हणून देता येत नाही. म्हणून हा निर्णय अपलोड करण्याआधी घ्यायचा.

प्रकाशकाशी करार करताना मजकूर आणि चित्रं हे दोन वेगळे हक्क आहेत, हे लक्षात ठेवावं. दोन्ही एकाच व्यक्तीचे असले तरी करारात स्वतंत्र लिहून घ्यावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, काढलेल्या चित्राला आणि लिहिलेल्या शब्दांना देतो. हळदीच्या पंजाची कल्पना उद्या दुसऱ्या कुणीही आपल्या पद्धतीने रंगवू शकतो.

स्वतः छापायचं असेल तर आयएसबीएन क्रमांक isbn.gov.in या सरकारी पोर्टलवर अर्ज करून विनामूल्य मिळतो. थोड्या प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच होतो, त्यामुळे प्रती वाढल्या तरच दर उतरतो. दोन्हीकडे ऑर्डर देण्याआधी एका जोडपानाची छापील प्रत मागून घ्यावी. या पुस्तकात ते जोडपान १६-१७ असावं, आणि लाल पंजा पाहून झाला की २२-२३ सुद्धा, फोटोतला पुसट डाग कागदावर दिसतोय की नाही ते पाहायला.