एकाच केसाची दोन टोकं

गेल्या पावसाळ्यात माझी भाची डोंबिवलीहून आमच्याकडे आली, तेव्हा तिचे केस मुळाशी चप्प बसलेले आणि कानाखाली पिंजारलेले होते. डोक्याला सारखी खाज सुटत होती आणि कंगवा फिरवला की दातांना पांढरट मेण लागत होतं. "मावशी, दीड महिना शाम्पूला हातसुद्धा लावला नाही, फक्त को-वॉश करतेय," ती रडवेली होऊन म्हणाली. तिने नेमाने, मनापासून सगळं केलं होतं. बाटलीही चांगली महागातली होती. चूक तिची नव्हती, पण कुठे झाली हे शोधायला आम्हांला एक अख्खा रविवार लागला.

को-वॉश म्हणजे शाम्पूऐवजी कंडिशनरने न्हाणं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ही पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या केशरचनाकार लॉरेन मॅसी यांचं 'कर्ली गर्ल' हे पुस्तक 2001 साली आलं आणि ती आणखी दूरवर पोहोचली. तिच्यामागचं कारण खरं आहे. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जातं, कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं. म्हणून कुरळ्या केसांची टोकं कोरडी राहतात आणि रोजच्या शाम्पूने आणखी राठ होतात. कंडिशनरमध्येही थोडी सफाई करण्याची ताकद असते. त्यातले बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइडसारखे घटक आणि सोबतचे मेणचट अल्कोहोल मिळून घाम, धूळ आणि हलकं तेल सोडवतात. मात्र फेस नसल्यामुळे निम्मं काम बोटांना करावं लागतं. एरवी लावतो त्याच्या तिप्पट-चौपट कंडिशनर घ्यायचा, केस पूर्ण भिजल्यावर बोटांच्या पेरांनी तीन-चार मिनिटं डोकं चोळायचं आणि चोळायला लागला त्याच्या दुप्पट वेळ पाण्याखाली धरायचं.

हे सगळं भाची करत होती. पण दर शनिवारी रात्री ती डोक्यावर खोबरेल तेलही चोपडत होती. आपल्याकडे ते अंगवळणीच पडलेलं आहे. को-वॉशची ताकद घाम आणि हलक्या तेलापुरतीच. दोन मोठे चमचे खोबरेल तेल त्याने निघत नाही. राहिलेल्या तेलावर कंडिशनरचा थर, त्यावर पुढच्या शनिवारचं तेल, असं दीड महिना साचत गेलं होतं. कंगव्याला लागणारं मेण ते हेच.

मग तिची बाटली उलटी केली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत आर्गन तेल आणि केराटिन. मागच्या यादीत क्रम असा: पाणी, सीटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरीन, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, शिया बटर, अमोडायमेथिकोन, फिनॉक्सीएथेनॉल, सुगंध, आर्गन तेल, हायड्रोलाइज्ड केराटिन.

यादी वाचताना एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. जे एक टक्क्यापेक्षा कमी असतात ते शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता फिनॉक्सीएथेनॉल हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची मर्यादाच 1 टक्का आहे. म्हणून यादीत ते जिथे दिसेल तिथे मनात रेघ ओढायची. रेघेच्या खाली आहे ते सगळं फार तर एक टक्का. भाचीने ज्या आर्गन तेलासाठी आणि केराटिनसाठी पैसे मोजले, ते दोन्ही रेघेच्या खाली होते. केराटिनचं थोडकं प्रमाणही काम करू शकतं, पण बाटलीचा खरा स्वभाव रेघेच्या वरच्या पाच-सहा नावांत असतो. इथे तो जड होता: मेणचट अल्कोहोल, शिया बटर आणि शाम्पूशिवाय सहज न निघणारं सिलिकॉन. को-वॉशच करायचं तर 'कोन'ने संपणारं नाव रेघेच्या वर नसलेलं बरं. नावात आधी 'पेग' असेल तर ते बहुधा पाण्याने निघणारं असतं, ते चालतं.

यादीतल्या 'अल्कोहोल' शब्दाला पुष्कळ जणी घाबरतात. सीटिल, सीटिअरिल, स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे मऊ पदार्थ आहेत, ते केसांना हवेच असतात. केस कोरडे करणारं ते डीनेचर्ड अल्कोहोल, आणि तेही यादीत पहिल्या तीन-चारांत असेल तरच.

तरी एक कोडं उरलंच होतं. मुळाशी इतकं साचलेलं असताना टोकं कोरडी कशी? इथे केसांचा सच्छिद्रपणा समजून घ्यावा लागतो.

केसाचं बाहेरचं आवरण कोकणातल्या घराच्या कौलांसारखं असतं, एकावर एक सरकवलेल्या पातळ खवल्यांचं. नव्या केसात त्या खवल्यांवर जन्मजात स्निग्ध थर असतो, त्यामुळे पाणी त्यावरून घसरतं. हा कमी सच्छिद्र केस. ब्लीच, रंग, स्ट्रेटनिंग, ऊन यांनी तो थर जातो आणि कौलं उचकटतात. मग केस पाणी भरभर पितो, फुगतो आणि उशिरा वाळतो. भाचीने दोन वर्षांपूर्वी ब्लीच करून रंगीत बटा काढल्या होत्या. तेव्हाचा केस आता कानाखाली उतरला होता आणि वरचा सगळा नवा होता. एकाच केसाचं मूळ पाण्याला दाद देत नव्हतं आणि टोक पाण्यासाठी वखवखलेलं होतं. "माझे केस कुठल्या प्रकारचे?" या तिच्या प्रश्नाला एक उत्तर नव्हतंच.

केस ग्लासभर पाण्यात टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहायची जी चाचणी सांगतात, तिच्यावर माझा अजिबात विश्वास नाही. पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि केसावर राहिलेल्या तेलामुळे खराब झालेला केसही खुशाल तरंगतो. त्यापेक्षा शाम्पू करून, काहीही न लावता वाळवलेल्या केसांवर फवाऱ्याने पाणी मारून पाहावं. भाचीच्या मुळाशी थेंब मण्यांसारखे उभे राहिले आणि टोकांशी क्षणात जिरले. ओले केस वाळायला किती वेळ लागतो तेही पाहावं. तिची मुळं तासाभरात सुकली, टोकं संध्याकाळपर्यंत दमट होती. आणि एक सुटा केस चिमटीत फिरवून पाहावा. जाणवलाच नाही तर तो बारीक, दोऱ्यासारखा लागला तर जाड. निवड करताना जाडीला सच्छिद्रपणाइतकाच मान द्यायला हवा, कारण बारीक केस जड क्रीमखाली हमखास झोपतात.

कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियमसारख्या घटकांवर धन विद्युतभार असतो आणि झिजलेल्या केसावर ऋण भार जास्त असतो. म्हणून कंडिशनर आपणहून झिजलेल्या जागी जास्त चिकटतो. टाळूला त्याची एवढी गरज नसते, टोकांना असते. को-वॉश टोकांसाठी आणि शाम्पू टाळूसाठी, हे माझं ठाम मत आहे, निदान डोक्याला तेल लावणाऱ्या आणि घामाच्या हवेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी.

त्या रविवारी आम्ही सोडियम लॉरेथ सल्फेटचा साधा शाम्पू फक्त टाळूवर दोनदा लावला. दुसऱ्या वेळी फेस आला तेव्हा तेल निघाल्याचं कळलं. त्यानंतरचा नेम असा ठरला: आठवड्यातून एकदा टाळूला सौम्य शाम्पू, मधे एकदा कानाखालच्या केसांना को-वॉश. तेल न्हाण्यानंतर नाही, न्हाण्याआधी तासभर, एकच छोटा चमचा आणि तेही टोकांना. याला आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतली प्रथिनं वाहून जाणं कमी झालं, सूर्यफूल आणि खनिज तेलाने झालं नाही. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं.

मग राहिलं कर्ल क्रीम. त्याचं काम दोन प्रकारचं: केस मऊ करणं आणि वळण धरून ठेवणं. मऊ करणारी शिया बटर आणि तेलं तिच्या टोकांना चालली असती, पण वरचे बारीक केस चपटे झाले असते. म्हणून पातळ, दुधासारखं क्रीम घेतलं, ज्याच्या यादीत रेघेच्या वर पीव्हीपी होतं. पीव्हीपी किंवा पॉलिक्वाटर्नियम केसावर पापुद्रा धरतात, वळण त्यानेच टिकतं. ग्लिसरीन मात्र खाली असलेलं निवडलं. ते हवेतलं पाणी ओढतं. जुलैच्या डोंबिवलीत हवेत पाणीच पाणी असतं, ते ओढून सच्छिद्र टोकं फुगतात. माहेरी, जालन्याला मे महिन्यात हवेत ओढायला पाणीच नसतं, तिथे तिला तेल जास्त असलेलं क्रीम लागतं.

अर्धा छोटा चमचा क्रीम तळहातांवर पसरून तिने आधी टोकांना लावलं, हातावर उरलं ते वर फिरवलं. केस निथळत असतानाच. मग लाडू वळताना दाबतो तशा बटा खालून वर मुठीत दाबत गेली. भिजलेला फडका पिळताना येतो तसा चुळचुळ आवाज आला की पाणी आणि क्रीम पुरेसं आहे, आवाज नसेल तर हातभर पाणी आणखी. उरलेलं पाणी टॉवेलने न घासता जुन्या पंच्याने टिपलं. वाळल्यावर बटा कडक झाल्या, पण पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. नंतर त्याच मुठीने चुरगळल्या की कडकपणा जातो आणि वळण राहतं. विकतचं क्रीम नको असेल तर दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात तार सुटेपर्यंत उकळून गरम असतानाच गाळावेत. हा गर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

तीन आठवड्यांत भाचीची खाज थांबली. ब्लीच केलेली टोकं पुन्हा नवी होणार नाहीत, ती हळूहळू कापूनच जातील, हेही तिला सांगितलं.

कोंडा असेल तर को-वॉशवर अवलंबून राहू नका, तो कंडिशनरने जात नाही. शिवाय 2016 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'वेन' या शाम्पूऐवजी वापरायच्या कंडिशनरबद्दल लोकांना सावध केलं होतं. केस गळण्याच्या, टाळू चुरचुरण्याच्या हजारो तक्रारी होत्या, पण नेमकं कारण तेव्हा निश्चित झालं नव्हतं. म्हणून कुठल्याही बाटलीने टाळू लाल झाली, आग झाली किंवा केस पुंजक्याने हातात आले, तर त्याच दिवशी ती थांबवा. पण फेकून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना सोबत न्या, मागची यादी त्यांच्या कामाची असते.